एकवीस की अठरा? तरंगत्या तुकड्यांची गोष्ट

[पडद्यावर: पाच उभे स्तंभ. प्रत्येकात चार रंग एकावर एक.]

हा एका संस्थेचा वर्षभराचा खर्च आहे. आकडे मी या व्हिडिओसाठी रचलेत, पण अशी आकृती अंदाजपत्रकाच्या कुठल्याही बैठकीत दिसू शकते. पाच विभाग आहेत: उत्पादन, विक्री, संशोधन, मनुष्यबळ आणि लेखा. खर्चाची शीर्षं चार: सगळ्यात खाली वेतन, त्यावर साहित्य, त्यावर देखभाल आणि टोकाला प्रशिक्षण. डावीकडचा अक्ष शंभर लाखांपर्यंत जातो.

देखभालीचा रंग नारिंगी आहे. देखभालीवर सगळ्यात जास्त खर्च कोणत्या विभागाचा? व्हिडिओ थांबवून आकृती नीट पाहा.

[पडद्यावर: पाच सेकंद शांतता.]

बहुतेकांची नजर पहिल्या स्तंभावर जाते. उत्पादनाचा नारिंगी तुकडा सगळ्यांच्या वर, पार ब्याण्णवपर्यंत पोचलाय. म्हणून तोच मोठा वाटतो. खरं उत्तर विक्री आहे. उत्पादनाची देखभाल 18 लाखांची, विक्रीची 21 लाखांची.

[पडद्यावर: दोन नारिंगी तुकडे आपापल्या स्तंभातून सुटून शेजारी येतात.]

आकृतीत खोटं काहीच नाही, प्रत्येक तुकडा अचूक मापाचा आहे. फरक इतकाच, की उत्पादनाचा तुकडा 74 वर सुरू होऊन 92 वर संपतो आणि विक्रीचा 44 वर सुरू होऊन 65 वर. उत्पादनात साहित्याचा खर्च 34 लाख आहे, त्यानं देखभालीला वर उचललंय. विक्रीत साहित्य जेमतेम 8 लाखांचं, म्हणून तिची देखभाल खाली राहिली. दोन्ही तुकडे हवेत तरंगतायत. त्यांची तुलना करायची तर डोळ्याला चार कडा धरून मनातल्या मनात दोन वजाबाक्या कराव्या लागतात, आणि डोळा वजाबाकी करत नाही. वरची कड कुठे आहे तेवढं तो बघतो आणि उठून जातो.

मापात बोलू. ही आकृती दहा सेंटिमीटर उंच छापली, तर विक्रीचा तुकडा 21 मिलिमीटरचा होतो आणि उत्पादनाचा 18 मिलिमीटरचा. फरक तीन मिलिमीटर. दोन पट्ट्या एकाच रेषेवर शेजारी उभ्या असत्या, तर तीन मिलिमीटर लहान मुलालाही दिसले असते.

या प्रकाराला शाळेत आपण विभाजित स्तंभालेख म्हणायचो. त्याचा दुसरा भाऊ जोडस्तंभालेख. त्यात तुकडे एकमेकांवर रचत नाहीत, प्रत्येकाला जमिनीवर स्वतंत्र उभं करतात.

[पडद्यावर: काळ्या-पांढऱ्या दोन आकृत्या. प्रत्येकीत दोन पट्ट्यांवर ठिपके.]

या दोघांमध्ये डोळा कुठे कमी चुकतो, हे 1984 साली विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी संशोधकांनी मोजून पाहिलं. लोकांना असेच आलेख दाखवले. दोन पट्ट्यांवर किंवा दोन तुकड्यांवर ठिपके काढले आणि विचारलं, लहान पट्टी मोठीच्या किती टक्के आहे? मोजपट्टी हातात घ्यायची नाही, नजरेनंच सांगायचं. दोन्ही पट्ट्या एकाच पायरेषेवर उभ्या असल्या की उत्तरं खऱ्याच्या जवळ यायची. तुकडे तरंगते असले की चुका वाढायच्या. 2010 मध्ये जेफ्री हीअर आणि मायकेल बोस्टॉक यांनी हाच प्रयोग इंटरनेटवरून लोक जमवून पुन्हा केला. निकालाचा कल तोच राहिला.

मग जोडस्तंभ काढला की झालं? इथंच बरेच जण फसतात.

[पडद्यावर: स्प्रेडशीट. पाच ओळी, चार रकाने. Clustered Column निवडलं जातं.]

आपल्या तक्त्यात विभाग ओळींमध्ये आहेत, शीर्षं रकान्यांमध्ये. एक्सेलमध्ये Clustered Column निवडलं की ओळी आणि रकाने यांपैकी ज्यांची संख्या जास्त, ते आडव्या अक्षावर जातात. आपले विभाग पाच आणि शीर्षं चार, म्हणून खाली विभागांची नावं येतात आणि प्रत्येक विभागापाशी चार रंगांचे चार स्तंभ उभे राहतात.

आता पुन्हा देखभाल शोधा. उत्पादनाचा नारिंगी स्तंभ इथे, विक्रीचा तिथे. मध्ये उत्पादनाचं प्रशिक्षण आहे, मग मोकळी जागा, मग विक्रीचं वेतन, जे छत्तीस लाखांचं म्हणजे दोघांपेक्षा उंच, आणि मग विक्रीचं साहित्य. जमीन एक झाली खरी, पण नजरेला वेतनाच्या भिंतीवरून उडी मारावी लागते. अशा रीतीनं गट पाडलेला आलेख एका विभागाच्या आत काय चाललंय ते छान सांगतो. उत्पादनात वेतनाच्या मानानं साहित्य किती, हे लगेच कळतं. आपला प्रश्न मात्र विभागाविभागांमधला होता.

[पडद्यावर: Chart Design टॅब. Switch Row/Column वर क्लिक.]

एक क्लिक, Switch Row/Column. आता खाली शीर्षांची नावं आहेत आणि देखभालीच्या गटात पाचही विभाग खांद्याला खांदा लावून उभे: 18, 21, 16, 6, 9. विक्री सगळ्यात उंच. विचार करावाच लागत नाही.

आणखी एक फायदा अगदी फुकटात मिळाला. रचलेल्या आलेखाचा अक्ष एकूण बेरजेइतका लांब लागतो, म्हणून तो शंभरपर्यंत होता. इथे सगळ्यात उंच स्तंभ संशोधनाच्या वेतनाचा, 52 लाखांचा. अक्ष साठवर संपतो. त्याच दहा सेंटिमीटरच्या उंचीत आता 21 लाखांचे 35 मिलिमीटर होतात आणि 18 लाखांचे 30. तीनाचा फरक पाचाचा झाला.

माझं मत विचाराल, तर विभागांची तुलना करणाऱ्या बैठकीत जोडस्तंभ वाईट ठरतो तेव्हा बहुधा दोष जोडस्तंभाचा नसतो. गट उलटे पडलेले असतात आणि कुणी ते बटण दाबलेलं नसतं.

[पडद्यावर: जुन्या पिवळट कागदावरचा आडव्या पट्ट्यांचा आलेख.]

थोडं मागे जाऊ. 1786 साली विल्यम प्लेफेअरनं स्कॉटलंडच्या व्यापाराचा एक आलेख छापला. सतरा देशांशी आणि प्रदेशांशी चाललेला व्यापार, आणि प्रत्येकासाठी दोन पट्ट्या, एक आयातीची, एक निर्यातीची, शेजारी-शेजारी. स्तंभालेखाच्या जन्मकथेत हाच आलेख सांगितला जातो, आणि तो जोडस्तंभालेख आहे. गंमत म्हणजे प्लेफेअरला तो फारसा मनापासून काढायचा नव्हता. त्याची आवड काळानुसार वरखाली जाणाऱ्या रेषांची. स्कॉटलंडचे आकडे त्याच्याकडे एकाच वर्षाचे होते, म्हणून पट्ट्यांवर भागवलं.

[पडद्यावर: पुन्हा आपला जोडस्तंभालेख.]

आता जोडस्तंभानं काय हिरावून घेतलं ते बघू. या आलेखाकडे पाहून सांगा, सगळ्यात खर्चिक विभाग कोणता? नजर त्या 52 लाखांच्या स्तंभावर जाते आणि उत्तर येतं, संशोधन. पण संशोधनाचा एकूण खर्च 90 लाख आहे आणि उत्पादनाचा 96. उत्पादनाचे चार स्तंभ चार गटांत विखुरलेत, त्यांची बेरीज कागदावर कुठेच काढलेली नाही. रचलेल्या आलेखात हेच उत्तर एका दृष्टिक्षेपात मिळत होतं, कारण तिथे पाचही स्तंभ शून्यावर उभे होते आणि त्यांचं टोक म्हणजेच बेरीज होती. प्रश्न बेरजेचा असेल, तर रचलेलाच आलेख काढावा.

त्याच्यात आणखी एक शीर्ष वाचवता येतं. सगळ्यात खालचा तुकडा तरंगत नाही, तो जमिनीवरच असतो. आपल्या पहिल्या आलेखात ती जागा वेतनाला मिळाली होती, आणि तीही निव्वळ तक्त्यात वेतन पहिलं लिहिलं म्हणून. बैठक देखभालीवर असेल, तर Select Data मध्ये जाऊन देखभाल यादीत सगळ्यात वर न्यायची. यादीतलं पहिलं नाव स्तंभात सगळ्यात खाली बसतं. मग वरचे तीन तुकडे एकाच फिक्या करड्या रंगाच्या छटांत ठेवले, तर एकूण खर्च आणि देखभाल या दोन्ही गोष्टी स्वच्छ दिसतात. अर्थात ही जागा एकाच शीर्षाला मिळते, आणि साहित्याचे अधिकारीही बैठकीला आले असतील तर त्यांची पंचाईत कायम राहते.

शतमान स्तंभालेख, म्हणजे 100% Stacked Column, याबद्दल थोडक्यात. त्यात खालच्या तुकड्याला शून्याची रेषा मिळते आणि वरच्याला शंभराची, म्हणून दोन शीर्षं नीट वाचता येतात. मनुष्यबळ विभाग आपल्या 48 लाखांतले 13 लाख, म्हणजे 27 टक्के, प्रशिक्षणावर घालवतो हे तिथेच उठून दिसतं. पण 48 लाखांचा विभाग आणि 96 लाखांचा विभाग तिथे सारख्याच उंचीचे होतात. हा आलेख एकटा दाखवू नये.

[पडद्यावर: स्तंभ आडवे होतात आणि पाच चौकटींत विभागले जातात.]

मी स्वतः या तक्त्यासाठी यांतला एकही काढणार नाही. मी शेजारी-शेजारी पाच चौकटी काढीन. प्रत्येक ओळ एका विभागाची, आणि नाव फक्त डाव्या टोकाला एकदाच. पहिल्या चार चौकटी चार शीर्षांच्या. प्रत्येक चौकटीत आडव्या पट्ट्या आणि प्रत्येक चौकटीला स्वतःची शून्यरेषा. पाचवी, जरा रुंद चौकट एकूण खर्चाची. पाचही चौकटींचं प्रमाण एकच ठेवायचं, एक सेंटिमीटर म्हणजे सगळीकडे तितकेच लाख. ओळींचा क्रम एकूण खर्चानुसार: उत्पादन, संशोधन, विक्री, मनुष्यबळ, लेखा. रंग एकच पुरतो. कुठलाच तुकडा तरंगत नाही, आणि बेरीजही हरवत नाही. विभाग आठ आणि शीर्षं सात झाली, तर जोडस्तंभाचे छप्पन्न स्तंभ होतात आणि त्याची फणी होते. चौकटी मात्र फक्त तीन ओळींनी आणि तीन रकान्यांनी वाढतात.

तक्त्यात ऋण आकडा आला की या चौकटींचा खरा उपयोग कळतो. समजा, विक्री विभागानं गेल्या वर्षीचं न वापरलेलं साहित्य परत केलं आणि त्याची रक्कम जमा झाली. साहित्याचा आकडा 8 ऐवजी उणे 6 झाला.

[पडद्यावर: रचलेला आलेख. विक्रीच्या स्तंभाखाली, शून्याच्या खाली, एक लहान तुकडा उगवतो.]

रचलेला आलेख तो तुकडा शून्याच्या खाली टाकतो आणि धन तुकडे वर रचत राहतो: 36, 21, 11. टोक 68 वर पोचतं. पण विक्रीचा निव्वळ खर्च 62 लाख आहे. आत्तापर्यंत टोक म्हणजे बेरीज होती, आता नाही. आणि पडद्यावर तशी सूचना कुठेच येत नाही.

[पडद्यावर: पाच चौकटी. साहित्याच्या चौकटीत विक्रीची पट्टी शून्यरेषेच्या डावीकडे वळते. शेवटच्या चौकटीत विक्रीची पट्टी 62 वर थांबते.]