बाईंचे म्हणणे असे, की…

(पडद्यावर शाळेचा एक वर्ग दिसतो. बाकांवर मोठी माणसे बसली आहेत.)

पालकसभा सुरू होऊन वीस मिनिटे झाली आहेत आणि तिसरीच्या वर्गशिक्षिका आपला प्रस्ताव वाचून दाखवत आहेत. हा प्रसंग या चित्रफितीसाठी रचलेला आहे; मात्र त्यातले वाक्यांचे वळण ज्यांनी कोणतीही सभा पाहिली आहे त्यांना ओळखीचे वाटेल. शिक्षिका म्हणतात: "पहिली ते चौथीच्या मुलांना रोजचा लेखी गृहपाठ देणे आपण सहा महिने थांबवून पाहावे. घरचे वाचन चालू राहील. ज्यांना वाचायला अडचण येते, त्यांचा सराव वर्गशिक्षिका वेगळा ठरवतील. वह्या तपासण्यात पहिल्या तासाची पंधरा मिनिटे जातात, आणि गृहपाठ कित्येकदा घरातली मोठी माणसे लिहून देतात, हे अक्षरावरूनच कळते."

मागच्या बाकावरचे एक पालक उभे राहतात. "बाईंचे म्हणणे असे, की मुलांनी घरी अभ्यास करायचाच नाही, कारण तपासण्याचे कष्ट त्यांना नकोत. मग मुले संध्याकाळभर मोबाइल घेऊन बसतील, त्याचे काय?"

सभेत थोडा हशा पिकतो, दोन-चार माना डोलतात. शिक्षिका म्हणतात, "मी असे म्हटलेच नाही." पालक म्हणतात, "अर्थ तोच होतो." यानंतरची दहा मिनिटे गृहपाठावर कोणी बोलत नाही, कोण काय म्हणाले यावरच ती खर्ची पडतात.

विरोधकाचे मत जसे आहे तसे न घेता त्याची एक दुबळी प्रतिकृती उभी करायची, ती पाडायची आणि मूळ मत पडले असे जाहीर करायचे, या प्रकाराला तर्कशास्त्रात स्ट्रॉ मॅन म्हणतात. मराठीत त्यासाठी बुजगावणे हा शब्द वापरता येईल आणि तो नेमकाही आहे, कारण बुजगावणे लांबून माणसासारखेच दिसते. अगदीच न दिसले, तर ते कोणाला फसवणार?

अडचण अशी, की दुसऱ्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगताना काही ना काही बदलतेच. पाच वाक्यांचे एक वाक्य होते, शब्द बदलतात, एखादा तपशील गळतो. तेवढ्यावरून त्याला बुजगावणे म्हणायचे ठरवले, तर कोणालाही कोणाचे म्हणणे सांगताच येणार नाही आणि सगळ्यांना मूळ कागद वाचत बसावे लागेल. त्यामुळे बदल झाला की नाही, एवढे विचारून भागत नाही.

(पडद्यावर दोन कागद शेजारी-शेजारी. डावीकडे शिक्षिकांची वाक्ये, उजवीकडे पालकांचे वाक्य.)

हे दोन कागद ओळीओळीने जुळवून पाहू. डावीकडे "पहिली ते चौथी" आहे, उजवीकडे नुसती "मुले" आहेत. डावीकडे "रोजचा लेखी गृहपाठ" आहे, उजवीकडे "अभ्यास" आहे. डावीकडे सहा महिन्यांची मुदत आहे आणि "थांबवून पाहावे" असे जपून वापरलेले क्रियापद आहे. उजवीकडे मुदत नाही, आणि क्रियापदाला एक "च" चिकटला आहे. मराठीत हा एक अक्षराचा "च" फार काम करतो. "करायचा नाही" आणि "करायचाच नाही" यांत एका सूचनेचे धोरण होऊन जाते, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला ते खटकतही नाही. शेवटचा बदल कारणाचा आहे. शिक्षिकांनी वर्गाचा वेळ आणि परके अक्षर ही दोन कारणे दिली होती. उजवीकडे कारण म्हणून त्यांचा स्वभाव आला आहे.

असे चार बदल झाले, पण चारही सारखे नाहीत. "पहिली ते चौथी" गळाले, हे येथे जवळजवळ निरुपद्रवी आहे, कारण सभेला याच वर्गांचे पालक आले आहेत आणि ही मर्यादा सगळ्यांना ठाऊक आहे. उलट "लेखी गृहपाठा"च्या जागी "अभ्यास" येणे घातक आहे. का, ते पाहायचे असेल तर पालकांचा आक्षेप उचलून डावीकडच्या कागदावर ठेवावा. मुले संध्याकाळभर मोबाइल घेऊन बसतील, हा आक्षेप "घरी अभ्यास नाहीच" या वाक्यावर चपखल बसतो. "लेखी गृहपाठ नाही, वाचन आहे" या वाक्यावर तो तसाच बसत नाही. वाचनाचे काय होणार हे सांगितल्याशिवाय तो हवेत लोंबकळतो. म्हणजे आक्षेपाचा सारा भार नेमक्या बदललेल्या शब्दावर आहे, आणि तो शब्द शिक्षिकांचा नाही.

कसोटी हीच आहे, आणि माझ्या मते बाकीच्या खुणा तिच्या मागून येतात. बदल कोठेही असू शकतो. पण पुढचे खंडन त्या बदलावर उभे असेल, मूळ शब्द परत ठेवताच कोसळत असेल, तर समोर बुजगावणे आहे. मूळ शब्द परत ठेवूनही खंडन उभे राहत असेल, तर झालेला बदल नुसता संक्षेप होता.

आता हेच पालक प्रामाणिकपणे बोलले असते तर काय म्हणाले असते? "मी असे समजलो, की चौथीपर्यंत सहा महिने रोजचे लिखाण घरी नको, वाचन राहू द्यावे, कारण तपासणी वर्गाचा वेळ खाते आणि वहीतले अक्षर नेहमी मुलाचे नसते. माझी शंका अशी, की वही निदान दिसते तरी. मुलाने घरी वाचले की नाही, हे दाखवणारे या योजनेत काहीच नाही."

या मांडणीत शिक्षिकांचे एकही वाक्य जसेच्या तसे नाही, आणि वाचायला अडचण येणाऱ्या मुलांविषयीचे वाक्य तर पूर्ण गाळले आहे. तरीही ती न्याय्य आहे, कारण पुढची शंका त्या गाळलेल्या भागाला शिवत नाही. पण याच मांडणीनंतर दुसऱ्या एखाद्या पालकाने उठून "मागे पडणाऱ्या मुलांना तुम्ही वाऱ्यावर सोडले" असे म्हटले, तर तीच गाळलेली ओळ एकदम महत्त्वाची होते आणि तीच मांडणी अन्यायाची ठरते. न्याय्य मांडणी कोणत्या आक्षेपासाठी केली आहे, हे पाहिल्यावाचून तिचा निवाडा होत नाही; नुसते शब्द मोजून तर मुळीच होत नाही.

आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. पालकांची दुसरी शंका पहिलीपेक्षा कितीतरी जड आहे. पहिलीला शिक्षिकांकडे "मी असे म्हटलेच नाही" हे तयार उत्तर होते, दुसरीला नाही. बुजगावण्याने येथे शिक्षिकांवर अन्याय केला, हे खरेच, पण पालकांच्या हातातली चांगली शंकाही त्यानेच खाल्ली.

(पडद्यावर ताडपत्रावरची संस्कृत अक्षरे.)

या प्रश्नाचा विचार फार जुना आहे. न्याय या प्राचीन तर्कपरंपरेच्या मूळ ग्रंथात, गौतमांच्या न्यायसूत्रांत, वादात हार ठरवणारी बावीस निग्रहस्थाने दिली आहेत. त्यांतले एक "अननुभाषण" आहे: प्रतिपक्षाचे विधान परिषदेला समजले आहे, ते तीनदा उच्चारले गेले आहे, तरी तुम्ही ते परत सांगू शकत नाही, तर तुम्ही हरलात. खंडन करण्याआधी पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचे मत, मांडण्याची रीतही याच परंपरेतली. पुढे बौद्ध तार्किक धर्मकीर्तींनी "वादन्याय" या ग्रंथात या निग्रहस्थानांची चिकित्सा करताना यावर हरकत घेतली: समोरच्याचे सगळे बोलणे परत म्हणून दाखवण्याची गरज काय, ज्याचे खंडन करायचे तेवढे सांगितले की पुरे. ही हरकत मला पटते, आणि ती आपल्या कसोटीच्या अगदी जवळची आहे. किती सांगितले यापेक्षा खंडन ज्याच्यावर टेकते ते नीट सांगितले का, हे तीही पाहते.

त्याच सूत्रांत "छल" येतो. बोलणाऱ्याच्या शब्दाला दुसरा अर्थ लावून त्याचे म्हणणे पाडणे म्हणजे छल. या सूत्रांवरच्या भाष्यातले उदाहरण प्रसिद्ध आहे: "नवकंबल" माणूस, म्हणजे नवे कांबळे असलेला. त्यावर छल करणारा म्हणतो, याच्याकडे नऊ कांबळी कोठे आहेत, एकच तर दिसते आहे. येथे शब्द एकही बदललेला नाही, हे लक्षात घ्यावे.

म्हणून अवतरणचिन्हे ही हमी नव्हे. शिक्षिकांच्या वाक्यातून "गृहपाठ देणे आपण… थांबवून पाहावे" एवढेच उचलून मध्ये तीन टिंबे दिली, तर प्रत्येक अक्षर त्यांचे असूनही सहा महिन्यांची मुदत नाहीशी होते. शब्दशः उद्धृत केलेले बुजगावणे आपल्या शब्दांत रचलेल्यापेक्षा ओळखायला अवघड असते, कारण पुरावा समोरच असल्याचा भास होतो.

परिणामांचेही असेच आहे. गृहपाठ थांबला तर मुलांचा वेळ मोबाइलवर जाईल, असे पालकांना वाटत असेल तर ते जरूर बोलावे. तो त्यांचा तर्क आहे आणि तो बरोबरही निघेल. मात्र त्याच्या आधी "मला वाटते, यातून असे होईल" हे शब्द हवेत. ते शब्द गळले, की तर्क गुपचूप दुसऱ्याच्या तोंडी जातो आणि "अर्थ तोच होतो" या वाक्याने त्याच्यावर शिक्का बसतो.

मग मांडणी बरोबर आहे का, हे समोरच्यालाच का विचारू नये? मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये असाच नियम सुचवला होता: आधीच्या वक्त्याचे म्हणणे त्याचे समाधान होईल असे परत सांगितल्याशिवाय कोणी आपले बोलणे सुरू करू नये. नियम चांगला आहे, पण त्याला एक भोक आहे. आक्षेप येतो आहे असे दिसताच माणूस आपले मूळ विधान आखडते घेऊ शकतो आणि "मी एवढेच म्हणालो होतो" असे सांगू शकतो. अशा वेळी त्याच्या आजच्या समाधानापेक्षा त्याचे आधी उच्चारलेले किंवा लिहिलेले शब्द अधिक विश्वासाचे. उलट टोकाला, समोरच्याचे मत इतके सुधारून, पॉलिश करून मांडणारेही असतात, की त्याला स्वतःलाच ते ओळखू येत नाही. हेतू उदार असला तरी त्यातही खंडन होते ते दुसऱ्याच कोणाच्या मताचे.

(पुन्हा वर्ग. तीच सभा, दुसऱ्यांदा.)

पालक या वेळी दुसरे वाक्य बोलतात. शिक्षिका क्षणभर थांबतात, हातातला कागद पुन्हा पाहतात. "तपासण्याची सोय यात नाही, हे खरे," त्या म्हणतात. "सोमवारी प्रत्येकाने घरी वाचलेल्यातले एक पान वर्गात वाचून दाखवायचे, असे ठेवले तर?" मागच्या बाकावरून प्रश्न येतो, की चाळीस मुलांना एका सोमवारात वेळ कसा पुरणार. शिक्षिका मनाशी हिशेब करतात आणि म्हणतात, रोज आठ मुले. सभेचे इतिवृत्त लिहिणारे गृहस्थ प्रस्तावाखाली आणखी एक ओळ लिहितात.