चौकशी सुरू आहे, म्हणून माहिती नाही?

नमस्कार श्रोतेहो.

समजा, मुंबईतल्या एका गल्लीत मे महिन्यात पेव्हर ब्लॉक बसवले आणि जुलैच्या पावसात ते उखडले. गल्लीतल्या एका काकूंनी वॉर्ड ऑफिसात माहिती अधिकाराचा अर्ज टाकला, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. ‘रस्त्याची सगळी माहिती द्या’ असं मोघम न लिहिता त्यांनी तीनच गोष्टी मागितल्या: कार्यादेश, मोजमाप पुस्तिकेची पानं आणि ठेकेदाराला दिलेली बिलं. इंजिनिअरने लांबी-रुंदी मोजून जे लिहिलं, त्यावरच बिल निघतं. म्हणून खरी गंमत त्या पुस्तिकेत असते.

तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: ‘सदर कामाची चौकशी सुरू असल्याने कलम ८(१)(एच) अन्वये माहिती नाकारण्यात येत आहे.’

आता हे कलम नीट वाचा. माहिती दिल्याने तपासाला, गुन्हेगाराला पकडायला किंवा खटल्याला अडथळा येणार असेल, तरच ती रोखता येते. नुसती चौकशी चालू असणं पुरेसं नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात हेच सांगितलं. मोजमाप तर आधीच लिहून झालंय. त्याची प्रत काकूंच्या हातात पडली, तर चौकशी नेमकी कुठे अडते? हे पटवून देणं कलम १९(५) प्रमाणे जन माहिती अधिकाऱ्याचं काम आहे, काकूंचं नव्हे. शिवाय नकार देताना कारणं आणि अपील कोणाकडे करायचं, हे कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. एका ओळीत ते कुठून येणार?

म्हणून तीस दिवसांच्या आत प्रथम अपील करायचं. ते ऐकणारा अधिकारी त्याच कार्यालयातला वरिष्ठ असतो, तेव्हा फार आशा धरू नका. पण ही पायरी गाळून राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येत नाही.

अपिलात कार्यालय नवा मुद्दा काढेल: बिलावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक आहे, ती खाजगी माहिती. खरंच आहे, आणि डेटा संरक्षण कायद्याने वैयक्तिक माहितीची सूट आता आणखी रुंद केली आहे. पण कलम १० सांगतं की झाकण्यासारखा भाग झाकून उरलेलं द्या. खाते क्रमांकावर काळी पट्टी मारली, की बिल देता येतं. व्यापारी गुपिताचंही तसंच. निविदा उघडण्याआधी कोणाचा दर किती, हे सांगायचं नाही हे रास्त. पण महापालिकेने पैसे चुकते केल्यावर तो दर गुपित कसा राहील?

काकूंनी मात्र चौथी मागणी करून चौकशी अधिकाऱ्याने नोंदवलेले साक्षीदारांचे जबाब मागितले असते, तर चौकशी संपेपर्यंत ते रोखणं योग्यच ठरलं असतं. आणि कोणी गुपचूप तक्रार केली असेल व नाव फुटल्याने त्याच्या जिवाला धोका असेल, तर ते नाव चौकशी संपल्यावरही झाकलेलंच राहील.