निव्वळ कर्ज वाढणार तरी कुठवर?

(नागपुरात सीए आणि वित्त विश्लेषकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी. एफसीएफईचं सूत्र तुम्हाला पाठ आहे, तरी मांडतो, कारण सगळी गडबड त्याच्या शेवटच्या दोन पदांत होते. करोत्तर नफा घ्या, त्यात घसारा मिळवा, भांडवली खर्च आणि खेळत्या भांडवलातली वाढ वजा करा. मग नवं कर्ज मिळवा आणि फेडलेली मुद्दल वजा करा. उरतं ते भागधारकांचं. व्याज पुन्हा वजा करायचं नाही, ते नफा काढतानाच गेलेलं असतं. हप्त्यातली फक्त मुद्दल इथे येते. हप्ता आख्खाच वजा केलेले अहवालही दिसतात, पण ती चूक तपासताना सापडते. माझी खरी तक्रार आहे ती न सापडणाऱ्या चुकीबद्दल.

समजा, बुटीबोरीत एक कारखाना आहे. आज त्यात 120 कोटींचं भांडवल गुंतलंय: 80 भागधारकांचं आणि 40 बँकेचं. पुढच्या वर्षी नफा 12 कोटी, घसारा 5, भांडवली खर्च 9 आणि खेळत्या भांडवलात वाढ 2. म्हणजे निव्वळ गुंतवणूक 6 कोटी, 120 वर बरोबर 5 टक्के. बँकेकडून 12 कोटी नवे येणार, 4 कोटी मुद्दल फिटणार. निव्वळ कर्ज 8. मग एफसीएफई किती? 12 मधून 6 गेले, 8 आले, झाले 14 कोटी.

इथवर सगळं बरोबर आहे. पुढे अहवाल लिहिणारा काय करतो? भागभांडवलाचा अपेक्षित परतावा 15 टक्के धरतो, वाढ कायमची 5 टक्के धरतो आणि 14 ला 10 टक्क्यांनी भागतो. मूल्य आलं 140 कोटी. अहवालावर सही होते.

आता कागद-पेन्सिल घ्या. एफसीएफई 5 टक्क्यांनी वाढणार म्हणजे त्यातलं निव्वळ कर्जही 5 टक्क्यांनी वाढणार: 8, मग 8.4, मग 8.82. एकूण कर्ज आज 40 आहे. पाचव्या वर्षाअखेर ते 84 कोटींवर जातं, आणि तेव्हा गुंतलेलं भांडवल असतं 153 कोटी. एक तृतीयांश असलेला कर्जाचा वाटा निम्म्याच्या वर गेला. दहाव्या वर्षी तो 72 टक्के होतो. तेविसाव्या वर्षी कर्ज भांडवलाच्याही पुढे निघून जातं. कोणती बँक हे होऊ देईल? आणि नफा मात्र या सगळ्या वर्षांत निवांत 5 टक्क्यांनी वाढतोय, कारण वाढत्या कर्जाचं वाढतं व्याज कुणी मांडलेलंच नाही. शीटमध्ये कर्जाची शिल्लक दाखवणारी ओळच नसते, म्हणून हे कुणाच्या नजरेस पडत नाही.

कर्जाचं प्रमाण एक तृतीयांशच राहायचं असेल, तर 40 वर 5 टक्के म्हणजे निव्वळ कर्ज 2 कोटीच येऊ शकतं. एफसीएफई 8 कोटी, मूल्य 80 कोटी. 60 कोटींचा फरक त्या एका ओळीतून आला. शिवाय 80 वर 12 म्हणजे 15 टक्के परतावा, नेमका भागधारकाला हवा तेवढाच. तेव्हा मूल्य पुस्तकी 80 इतकंच यायला हवं, आणि तसंच येतं. 140 कशाच्या जोरावर आले, याला उत्तर नाही.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि ही चूक टाळायची पद्धत सांगायची अजून राहिलीच आहे. भरभर सांगतो.

दर वर्षासाठी चार ओळी मांडा: सुरुवातीची शिल्लक, नवं कर्ज, मुद्दलफेड, अखेरची शिल्लक. व्याज याच शिल्लकेवरून काढा. कंपनी पहिल्या वर्षी खरंच 8 कोटी घेणार असेल तर घेऊ द्या. त्या वर्षाचे 14 कोटी खरे आहेत. पण 2 ऐवजी 8 म्हणजे 6 कोटी जादा. 10 टक्के व्याज आणि ढोबळ 25 टक्के कर धरला तर पुढच्या वर्षाचा नफा 45 लाखांनी कमी दाखवा. कर्जाचा वाटा वाढला की भागधारकाची जोखीम वाढते, मग 15 टक्क्यांचा दरही वर सरकवा. कायमच्या वाढीचं सूत्र लावायचं ते कर्जाचं प्रमाण स्थिरावल्यानंतरच्या वर्षाला, आणि त्या वर्षाचं निव्वळ कर्ज म्हणजे सुरुवातीची शिल्लक गुणिले वाढीचा दर.

शेवटचं, खेळत्या भांडवलाबद्दल. त्यातून कॅश क्रेडिट आणि मुदत कर्जाचा वर्षभरात देय होणारा भाग बाहेर काढा. 2021 च्या दुरुस्तीनंतर परिशिष्ट 3 नुसार हा भाग अल्पमुदत कर्जांखाली दिसतो. जुन्या ताळेबंदांत तो इतर चालू देण्यांत असायचा, तिथे जास्त जपा. 4 कोटी दीर्घमुदतीतून चालू देण्यांत सरकले, तर कंपनीच्या हाती एक रुपयाही आलेला नसतो. तुमच्या शीटमध्ये मात्र खेळतं भांडवल 4 कोटींनी घटतं आणि एफसीएफई तेवढ्यानेच फुगतो. कॅश क्रेडिटमधली वाढही कर्जाच्या ओळीतच एकदा मोजा.

प्रश्न असतील तर बाहेर चहाच्या वेळी विचारा, शीट सोबत असेल तर उघडूनच पाहू.