रूप बदला, पण भिंती हलवू नका

आज एकच खोली घेऊन बसू. पडद्यावर दिसतोय तो साध्या फ्लॅटचा हॉल. डावीकडे ग्रिलची खिडकी, समोर सोफा, त्यामागे भिंतीवर आरसा, खाली चौकोनी टाइल्स. ऊन आत आलंय, त्यामुळे ग्रिलची सावली फरशीवर तिरकी पडली आहे. ग्राहकाला हाच हॉल जुन्या वाड्यासारखा बघायचाय. लाकडी तुळया, चुन्याच्या भिंती, शहाबादी फरशी, आणि वेळ रात्रीची.

फोटो आणि वर्णन नुसतं स्टेबल डिफ्यूजन या चित्र बनवणाऱ्या एआय मॉडेलला दिलं, तर तुमच्या हातात बदलाचा जोर कमीजास्त करायची एकच कळ असते. ती कमी ठेवली तर सोफ्याचा फक्त रंग बदलतो. वाढवली तर वाडा येतो, पण खिडकी सरकते, छत उंच होतं, कधी तर दार नव्हतं तिथे दार उगवतं. असा वाडा त्या ग्राहकाच्या काय कामाचा?

ही कोंडी 2023 मध्ये कंट्रोलनेटने फोडली. स्टॅनफर्डचे लव्हमिन झांग, अन्यी राव आणि मनीष अग्रवाला यांचं ते काम. मूळ मॉडेलला त्यांनी हात लावला नाही. त्याच्या अर्ध्या भागाची एक प्रत काढली, तिला नकाशे, म्हणजे फोटोतल्या कडा किंवा अंतरं दाखवणारी चित्रं, वाचायला शिकवलं आणि तिचं म्हणणं मूळ मॉडेलमध्ये मिसळलं. त्यामुळे शैली वर्णनातून येते आणि रचना नकाशातून. नकाशा कोणता द्यायचा, ते मात्र तुम्ही ठरवायचं, आणि माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं.

आधी कडांचा नकाशा बघू. कडा शोधायची कॅनीची पद्धत 1986 ची, आजही ती सर्रास वापरतात. `cv2.Canny(img, 100, 200)` यात दोन उंबरठे आहेत. उजेडातला फरक 200 च्या वर गेला की कड पक्की. 100 च्या खाली असेल तर रद्द. मधली कड पक्क्या कडेला चिकटलेली असेल तरच राहते. निकाल म्हणजे काळ्यावर पांढऱ्या रेघा.

आता आपल्या हॉलच्या रेघा जवळून बघा. खिडकीची चौकट आली, छान. पण टाइल्सचे सांधे आले, खिडकीच्या पडद्यावरची फुलं आली आणि फरशीवरची सावलीही आली! कॅनीला सावली आणि वस्तू यातला फरक कळत नाही, त्याला फक्त उजेडातला फरक दिसतो. ऊन गेलं तरी त्या तिरक्या रेघांचं काहीतरी करणं मॉडेलला भाग असतं, म्हणून रात्रीच्या वाड्यात त्या फरशीवरच्या पट्ट्या होऊन बसतात. उंबरठे वाढवून हे नेहमी सुटत नाही, कारण कडक उन्हाची सावली खिडकीइतकीच ठळक असते. सरळ इमेज एडिटरमध्ये नकाशा उघडा आणि त्या रेघांवर काळा ब्रश फिरवा. पाच मिनिटांचं काम आहे. मात्र हा दुरुस्त नकाशा परत टूलमध्ये देताना फोटोतून नकाशा काढणारा प्रीप्रोसेसर बंद ठेवा, नाहीतर तो रेघांच्याही कडा काढतो आणि प्रत्येक रेघ दुहेरी होते.

आता अंतराचा नकाशा. या डेप्थ मॅपमध्ये जवळचं पांढरं आणि लांबचं काळं दिसतं. इथे फरशी सपाट उतरते. टाइल्स नाहीत, सावली बहुतेक नाहीच, त्यामुळे शहाबादी घालायला मॉडेल मोकळं. भिंत भिंतीच्या जागी, सोफा सोफ्याच्या. पण ग्रिलच्या बारीक सळ्या यात पुसट होतात, आणि आरसा बघा: बऱ्याचदा तिथे भिंतीला भोक पडल्यासारखा काळा चौकोन येतो, कारण प्रतिबिंबातली खोली नकाशाला खरी वाटते. मग वाड्यात त्या जागी कोनाडा किंवा दुसरं दालन निघतं. तोही चौकोन भिंतीच्या करड्या रंगाने भरून टाका.

दोन्ही नकाशे एकत्र वापरता येतात. माझी सुरुवात अशी असते: डेप्थचं वजन, म्हणजे त्या नकाशाचा प्रभाव, 0.8, शेवटपर्यंत, कॅनीचं 0.4, पण निम्म्या पायऱ्यांवर बंद. मॉडेल चित्र पायरीपायरीने घडवतं: मांडणी पहिल्या पायऱ्यांत ठरते, पोत नंतर भरतो. कडा लवकर सोडल्या की चौकट जागेवर राहते आणि तिला लाकडाचा खडबडीतपणाही येतो. शेवटपर्यंत धरल्या तर तुळई प्लायवूडसारखी गुळगुळीत निघते.

तयार चित्र नुसत्या डोळ्यांनी तपासू नका, डोळे फसतात. मूळ फोटोच्या कडा लाल करून त्यावर ठेवा. खिडकीचे कोपरे सुटले असतील तर कॅनीचं वजन 0.1 ने वाढवा. पडद्यावरची फुलं भिंतीवर उमटली असतील तर कमी करा. आणि या डेप्थवरून कोणी कपाटाचं माप काढायला निघालं तर थांबवा: त्यात कोण पुढे, कोण मागे एवढंच आहे, फूट-इंच नाहीत. त्यासाठी टेप घेऊन साइटवरच जावं लागेल.