केल्विन सायकलचा जमाखर्च: तीन एटीपी नेमके जातात कुठे?

पान कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं ती केल्विन सायकल, आणि तिला लागणारी शक्ती येते उजेडात बनलेल्या एटीपी आणि एनएडीपीएच या रेणूंतून. एका ग्लुकोजला १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच हा आकडा बारावी सायन्सच्या कुठल्याही मुलाला झोपेतून उठवून विचारला तरी येतो. पण हे १८ कुठेकुठे खर्च झाले असं विचारलं की गाडी अडते. म्हणून आज बाकी सगळं बाजूला ठेवून फक्त हा जमाखर्च बघू, आणि तोही एका फेरीचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा एकच रेणू आत आला असं धरून.

आत आलेला हा रेणू रुबिस्को नावाचं एन्झाइम पकडतं आणि पाच कार्बनच्या आरयूबीपीला जोडतं, सहा कार्बनचं जे काही तयार होतं ते तिथल्या तिथे फुटतं आणि तीन-तीन कार्बनचे दोन पीजीए मिळतात. इथे थांबा जरा, कारण या स्टेपला एकही एटीपी लागलेला नाही. कार्बन पकडणं फुकटात झालं, खर्च पुढे आहे. दोन पीजीए आहेत, प्रत्येकाला एक एटीपी, मग प्रत्येकाला एक एनएडीपीएच, आणि तयार होतात दोन ट्रायोज फॉस्फेट, ही झाली खरी साखर. म्हणजे दोन एटीपी, दोन एनएडीपीएच गेले. तिसरा एटीपी बऱ्याच जणांचा इथेच राहून जातो. तो लागतो अगदी शेवटी, आरयूबीपी परत तयार करताना, रिब्युलोज फॉस्फेटवर दुसरा फॉस्फेट चढवायला.

आता एका फेरीत कमाई किती, तर फक्त एक कार्बन. त्यामुळे तीन फेऱ्या एकत्र धरल्या की चित्र स्वच्छ दिसतं: तीन आरयूबीपीचे १५ कार्बन, बाहेरून आलेले ३, एकूण १८, म्हणजे सहा ट्रायोज. त्यातला एकच बाहेर पडतो, उरलेल्या पाचांचे १५ कार्बन उलटसुलट जुळवून पुन्हा तीन आरयूबीपी. खर्च ९ एटीपी, ६ एनएडीपीएच. ग्लुकोजसाठी याच्या दुप्पट, झाले तुमचे १८ आणि १२.

हे कागदावरचं गणित नाहीये, केल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी बर्कलीला शेवाळावर कार्बन-१४ वापरून हे प्रत्यक्ष पाहिलंय. उजेड चालू असताना सगळं स्थिर होतं, उजेड बंद केला की पीजीए साचायला लागलं आणि आरयूबीपी घटलं. का, तर रुबिस्कोला एटीपी लागत नाही म्हणून ते थोडा वेळ चालूच राहिलं, पण पुढच्या दोन्ही स्टेप अडल्या. उलट उजेड ठेवून कार्बन डायऑक्साइड कमी केला तर आरयूबीपी साचलं, पीजीए उतरलं. खर्च नेमका कुठे होतो ते यातून सरळ दिसतं, मला हा प्रयोग फार आवडतो. आणि हेही दिसतं की डार्क रिअॅक्शन म्हणतात ती ही सायकल रात्री चालत नाही, उजेड गेला की थोड्याच वेळात ती बंद पडते.

पण हा सगळा हिशोब रुबिस्को चुकत नाही असं धरून केलाय, आणि ते चुकतं. एक तर ते संथ आहे, एका अॅक्टिव्ह साइटवर सेकंदाला साधारण तीनच रेणू, म्हणून पानाला ते ढिगाने बनवावं लागतं, कित्येक पिकांच्या पानातल्या विरघळणाऱ्या प्रोटीनचा जवळजवळ अर्धा वाटा एकट्या रुबिस्कोचा असतो. शिवाय ते कार्बन डायऑक्साइडऐवजी ऑक्सिजनही उचलतं. मग दोनऐवजी एकच पीजीए मिळतो आणि सोबत दोन कार्बनचं फॉस्फोग्लायकोलेट, जे सायकलला निरुपयोगी. ते वळवून परत आणायला, आरयूबीपी भरून काढण्यासकट, दर चुकीमागे साडेतीन एटीपी आणि दोन एनएडीपीएचइतकी शक्ती जाते, वर अर्धा कार्बन डायऑक्साइड हातचा निसटतो.

साधारण २५ अंशाला भात-गव्हासारख्या पिकात तीन बरोबर उचलींमागे एक चूक होते असं धरा. खर्च ९ अधिक साडेतीन, म्हणजे साडेबारा एटीपी, आणि ६ अधिक २, म्हणजे ८ एनएडीपीएच. कमाई तीन नाही, अडीच कार्बन. भागून बघा: कार्बनमागे ५ एटीपी आणि ३.२ एनएडीपीएच. पुस्तकातल्या ३ आणि २ पेक्षा कितीतरी महाग, आणि ऊन तापलं की चुका आणखी वाढतात.

ऊस, मका, ज्वारी यांनी यावर वेगळी वाट काढलीय, ती आधी कार्बन डायऑक्साइड पंपासारखा आतल्या पेशीत कोंबतात, त्यामुळे रुबिस्कोजवळ ऑक्सिजनचं फारसं चालत नाही. या पंपाला कार्बनमागे दोन जादा एटीपी लागतात, म्हणजे एकूण ५, पण एनएडीपीएच दोनच राहतात. उन्हाळ्यात हा सौदा परवडतो. थंड, ढगाळ हवेत मात्र चुका मुळातच कमी असतात आणि उजेडाचीच टंचाई असते, मग ते दोन जादा एटीपी भारी पडतात आणि साध्या पद्धतीचं पीक सरस ठरतं.