अंडे उकडताना का तडकते?

अंड्याच्या रुंद टोकाशी, कवचाच्या आतील दोन पापुद्र्यांच्या मधे, हवेची एक लहानशी पोकळी असते. आजच्या विवेचनाचा बराचसा भार या पोकळीवरच आहे. फ्रिजमधून काढलेले 5 अंश सेल्सियसचे अंडे 100 अंशांपर्यंत तापले, तर या हवेला मूळ आकारमानाच्या सुमारे एक तृतीयांश अधिक जागा हवी असते. शिवाय त्याच वेळी ओलाव्याची वाफ तिच्यात मिसळते आणि आतील द्रवही किंचित फुगतो. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असल्यामुळे ही हवा बाहेर पडू शकते, आणि उकळत्या पाण्यात रुंद टोकापासून वर जाणारी बुडबुड्यांची माळ म्हणजे हीच हवा. प्रश्न फक्त वेगाचा आहे. छिद्रांतून हवा निसटण्यापेक्षा तापण्याचा वेग अधिक झाला की दाब साचतो, आणि बाहेरून दाबले असता चिवट ठरणारे कवच आतून रेटले असता सहज फुटते.

रुंद टोकाला टाचणीने टोचण्याचा हेतू या हवेला मोठी वाट करून देण्याचा असतो. मात्र टाचणी पोकळीपर्यंतच जावी, आतला पापुद्रा फाटू नये. आणि टोचतानाच केसासारखी चीर पडली, तर उपायच अपाय ठरतो. त्यामुळे माझ्या मते टोचणे ही मदत आहे, हमी नव्हे.

पाण्याच्या प्रमाणाचा परिणाम आकड्यांत पाहू. प्रत्येकी 55 ग्रॅमची चार थंड अंडी एक लिटर उकळत्या पाण्यात सोडून आच बंद केली, तर अंडी व पाणी यांचे तापमान अखेरीस 86 अंशांच्या आसपास एकसारखे होईल. तीन लिटर पाण्यात तेच 95 अंशांच्या जवळ राहील. म्हणजे मोठ्या पातेल्यातील भरपूर पाणी अंड्यांना अधिक वेगाने तापवते. त्यातच पातेले रुंद आणि उकळी खळखळती असली, तर अंडी मोकळी लोळून एकमेकांवर व तळावर आपटतात. ती एका थरात बऱ्यापैकी जवळजवळ बसतील एवढेच पातेले घ्यावे आणि उकळी मंद ठेवावी.

गार पाण्यापासून सुरुवात केल्यास हवेला निसटायला पुरेसा वेळ मिळतो. त्याची किंमत सोलताना मोजावी लागते, कारण सावकाश तापलेला पांढरा भाग पापुद्र्याला चिकटतो. सोलणे सोपे हवे असेल, तर उकळत्या पाण्यात झाऱ्याने अलगद सोडणे बरे.

तडकण्याचे कारण बहुधा जागेवरून ओळखता येते. पहिल्या एकदोन मिनिटांत रुंद टोकाशी चीर पडली, तर दाबाचा संशय घ्यावा. बाजूला, टेकल्या जागी पडली, तर आपटण्याचा. पातेल्यात पडताक्षणीच पांढऱ्याचे धागे सुटले, तर ते अंडे बहुधा आधीच तडकलेले होते, आणि त्यावर टाचणीचा काही उपयोग नव्हता.