गुंडाळलेल्या टॉवेलाची नाडी

श्रोतेहो, नमस्कार. आज मनगटावरच्या स्मार्टवॉचबद्दल आणि फिटनेस बँडबद्दल बोलायचंय. त्यातही जी नामांकित कंपनीच्या घड्याळासारखी हुबेहूब दिसतात, ऑनलाइन अगदी किरकोळ पैशांत मिळतात आणि आतून निराळीच निघतात, त्यांच्याबद्दल. मी इलेक्ट्रॉनिक उपकरणं दुरुस्त करते. अशी घड्याळं पुष्कळ उघडली आहेत, पण डोळे उघडले ते माझ्या ताईच्या घड्याळाने. तेवढं आधी सांगते.

ताईला रक्तदाबाचा त्रास आहे. रोज सकाळी एक गोळी असते. तिच्या लेकाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तिच्या वाढदिवसाला ऑनलाइन एक घड्याळ मागवलं. नाडी, रक्तदाब, रक्तातला ऑक्सिजन, ईसीजी आणि वर रक्तातली साखरसुद्धा, सगळं दाखवणारं. मी महिन्याभराने तिच्याकडे गेले, तर म्हणाली, "अगं, बीपी आता अगदी छान असतं बघ माझं. मी गोळी अर्धीच करून टाकलीय."

माझ्या पोटात धस्स झालं. आदल्या रात्रीपासून तिचं डोकं दुखत होतं आणि घड्याळ म्हणत होतं 121 आणि 79. आदल्या दिवशी 119 आणि 78. त्याच्या आधी 122 आणि 80. माणसाचा रक्तदाब दिवसभरात खालीवर होतो. झोपेत उतरतो, जिने चढल्यावर वाढतो. हा मात्र रेघ मारल्यासारखा सरळ.

मी तिला म्हटलं, ताई, जरा जिना चढून ये. ती दोन मजले चढून आली, धापा टाकत खुर्चीत बसली. मी तिच्या मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवली आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघून 15 सेकंद ठोके मोजले. 29 भरले. चारने गुणले की मिनिटाला 116. मनगटावरचं घड्याळ काय दाखवत होतं? 76. (हल्ली भिंतीवरची घड्याळं सेकंदकाट्याशिवाय निघतात, ते मला मुळीच पटत नाही. आणि नाडी मोजणं तर चौथी-पाचवीतल्या मुलांनाही शिकवायला हवं, पाढ्यांसारखं.)

मग मी एक टॉवेल घट्ट गुंडाळला आणि घड्याळ त्यावर बांधलं. भाचा शेजारीच उभा होता. अर्ध्या मिनिटात टॉवेलाची नाडी आली, 74. तो म्हणाला, "मावशी, चुकून आली असेल." त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. चांगल्या घड्याळालासुद्धा कापडावरून परतणारा प्रकाश कधीकधी नाडीसारखा वाटतो. म्हणून एकट्या नाडीवरून निकाल द्यायचा नाही. मी रक्तदाबाचं बटण दाबलं. टॉवेलाचा रक्तदाब 118 आणि 77. ऑक्सिजन 98 टक्के. भाचा काही बोलला नाही, खाली बसला.

ताईला पाच मिनिटं शांत बसवून दंडाला पट्टा गुंडाळायच्या मशीनने मोजलं. 158 आणि 96. पुन्हा मोजलं, जवळपास तेच. त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी पूर्ण गोळी सुरू केली. महिनाभर ती अर्ध्या गोळीवर होती, केवळ त्या आकड्यांच्या भरवशावर. आजही ते आठवलं की मला राग येतो.

नंतर ते घड्याळ मी उलटं करून पाहिलं. मागच्या काचेवर चार खिडक्या दिसत होत्या. त्यातली एकच खरी, तिच्यामागे हिरवा दिवा. बाकीच्या तीन नुसत्या छापलेल्या. खऱ्या घड्याळात हिरवा प्रकाश कातडीवर पडतो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला रक्त वाढलं की परतणारा प्रकाश थोडा कमी होतो. तो बदल टिपणारा एक छोटा काळसर चौकोन दिव्याजवळ असतो. इथे तो चौकोनच नव्हता! दिवा होता, पण बघणारा डोळा नव्हता. आणि ऑक्सिजन मोजायला तांबडा आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड, असे दोन प्रकाश लागतात. म्हणून ऑक्सिजन मोजताना घड्याळाखाली तांबडा उजेड दिसायलाच हवा. नुसता हिरवाच लुकलुकत असेल, तर त्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

आता रक्तदाबाचं नीट ऐका. मनगटावर रक्तदाबाचा आकडा देणारी खरी घड्याळं आहेत, पण थोडी. काहींच्या पट्ट्यातच हवा भरते. काहींना आधी दंडाच्या मशीनने मोजून जुळवून घ्यावं लागतं. सॅमसंगच्या घड्याळांत ही जुळवणी दर 28 दिवसांनी पुन्हा करावी लागते. हवाही भरत नाही, जुळवणीही मागत नाही, आणि बटण दाबलं की आकडा येतो, तर तो मोजलेला नसतो. पुन्हा सांगते: हवा नाही, जुळवणी नाही, तर तो आकडा खरा नाही.

ईसीजीचंही तसंच. त्यासाठी वीज एका हाताकडून दुसऱ्या हाताकडे मोजावी लागते, म्हणून दुसऱ्या हाताचं बोट घड्याळाच्या धातूला टेकवावं लागतं. बोट न लावता पडद्यावर रेघ नाचली, तर ते नुसतं चित्र आहे. आणि साखर? सुई न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला अमेरिकेच्या एफडीएने मान्यता दिलेली नाही, असा इशारा त्यांनी फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. अशा आकड्यावरून कुणी इन्सुलिन घेतलं, तर जिवावर बेतू शकतं.

आता ॲप. भाच्याने खोक्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करून ॲप घेतलं होतं, आणि ते फोनच्या अधिकृत स्टोअरमधून न येता कुठल्याशा संकेतस्थळावरून थेट उतरलं होतं. नक्कल ओळखायची ही फार सोपी खूण आहे. अ‍ॅपलचं घड्याळ आयफोनलाच जोडलं जातं, तेही अ‍ॅपलच्याच वॉच ॲपमधून. अँड्रॉइड फोनला जोडलं गेलं की ते अ‍ॅपलचं नव्हेच, खोक्यावर काहीही छापलेलं असो. सीरियल नंबर जुळला म्हणून हुरळून जाऊ नका, नंबर खऱ्या घड्याळावरून उतरवून घेता येतो.

या ॲपने ताईच्या फोनवर नोटिफिकेशन वाचायची परवानगी घेतली होती. मनगटावर मेसेज दाखवायला ती चांगल्या घड्याळांनाही लागते. पण त्याच वाटेने बँकेचा ओटीपीसुद्धा वाचता येतो. तेव्हा ती आपण कुणाच्या हाती देतोय, हे कळायला हवं. इथे बनवणाऱ्याचा पत्ता सोडा, नावसुद्धा नव्हतं.

असं ॲप घेतलं गेलं असेल, तर आधी फोनच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी काढा. मग ब्लूटूथच्या यादीतून घड्याळ काढा, मग ॲप काढा. त्याच फोनवरून बँक वापरत असाल तर पासवर्डही बदला. आणि काच एका बाजूने उचलली गेलेली दिसली, तर आतली बॅटरी फुगलीय असं समजा. मग ते चार्जिंगला लावायचं नाही, उघडायचं नाही, नेहमीच्या कचऱ्यातही टाकायचं नाही, ई-कचरा घेतात तिथे द्यायचं.

ताईने ते घड्याळ मला देऊन टाकलं. ते माझ्या टेबलावर उघडं पडलेलं आहे. दुरुस्तीला कुणी तसलंच घेऊन आलं, की मी आधी तेच समोर ठेवते आणि काळा चौकोन कुठे असायला हवा होता ते बोटाने दाखवते.